तक्त्यातला ‘वरचा एक’

वैद्यकीय शोधनिबंधाचं स्कॅन केलेलं एक पान डोळ्यांसमोर आणा. तक्त्यातला रकाना ३६ रुग्णांच्या गटाचा आहे आणि त्यातल्या एका चौकटीत `23¹ (63.9)` असं छापलं आहे. म्हणजे २३ रुग्ण, ६३.९ टक्के, वर चढवलेला एक हा तळटिपेचा. टीप सांगते, यातल्या दोघांनी उपचार मध्येच सोडले. चित्राचा मजकूर झाला की त्या जागी `231 (63.9)` उमटतं. छत्तीसांपैकी दोनशे एकतीस! शिवाय खाली टीप उरते, पण ती कुणाची हे कळत नाही.

या चुकीचं मूळ आकारात आहे. तक्त्यातलं अक्षर साधारण ८ पॉइंटचं असेल, तर तळटिपेची खूण ५ पॉइंटच्या आसपास भरते. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये अशा अंकाची उंची जेमतेम चौदा-पंधरा पिक्सेल येते, १५० डीपीआयला त्याच्या निम्मी. `†` चा `t` किंवा `+` होतो, `§` चा `S` होतो, आणि फुलीचा ठिपका धूळ समजून पुसला जातो.

ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेलं टेसरॅक्ट हे चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या जुन्या इंजिनात अक्षर पायरेषेपासून किती वर आहे हे पाहून ते सुपरस्क्रिप्ट ठरवायची सोय होती. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल जाळ्यावर चालणारं इंजिन आलं. ते अख्खी ओळ एक पट्टी म्हणून वाचतं आणि अक्षरांची माळ हाती देतं. वाचन सुधारलं, पण माळेत ‘वर’ आणि ‘खाली’ हा भेद राहत नाही. तो हवा असेल तर अक्षरांच्या चौकोनांवरून वेगळा मोजावा लागतो.

खूण नीट वाचली गेली, तरी पुढच्या टप्प्यावर ती हरवू शकते. मजकूर ‘स्वच्छ’ करताना युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण सर्रास लावलं जातं, आणि ते सुपरस्क्रिप्ट सपाट करतं:

```
>>> unicodedata.normalize("NFKC", "23¹")
'231'
```

खूण आणि टीप यांच्यातला दुवा टिकवायची शिस्त आली ती चित्र वाचणाऱ्यांकडून नव्हे, जर्नलांचा मजकूर साठवणाऱ्यांकडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००३ मध्ये लेखांसाठी एक्सएमएलचा साचा आणला. २०१२ मध्ये त्याचंच जॅट्स हे मानक झालं. तिथे खूण हे नुसतं अक्षर नसतं, तो पत्ता असतो:

```
<td>23<xref ref-type="table-fn" rid="t2fn1"><sup>1</sup></xref> (63.9)</td>
<fn id="t2fn1"><p>...</p></fn>
```

पबमेड सेंट्रलवरच्या अशाच लेखांतून आयबीएमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पबटॅबनेट हा पाच लाखांहून अधिक तक्त्यांचा संच बांधला. त्यात `<sup>` आला, पण कोणती खूण कोणत्या टिपेची हा दुवा आला नाही. त्याच संशोधकांचं टीईडीएस हे मोजमापही इथे फारसं कामी येत नाही. शंभर चौकटींच्या तक्त्यात एका चौकटीचा मजकूर पूर्ण चुकला, तरी एकपैकी जास्तीत जास्त ०.०१ गुण जातो. हरवलेल्या एका खुणेने तर त्याहूनही कमी. `231` लिहिणारं मॉडेल त्यामुळे गुणतक्त्यात छान दिसतं.

आज काळजीपूर्वक काम करणारे तीन पायऱ्यांनी जातात. आधी प्रत्येक अक्षराचा चौकोन घेतात. ज्याची उंची शेजारच्या अंकाहून बरीच कमी आणि ज्याचा तळ त्या अंकाच्या मध्याच्या आसपास किंवा वर, ती खूण मानून वेगळ्या रकान्यात ठेवतात. `23` आणि `1` पुन्हा चिकटवत नाहीत. मग तक्त्याखालच्या ओळींच्या सुरुवातीची चिन्हं वाचून टिपांची यादी करतात. शेवटी दोन्ही बाजूंनी पडताळणी होते: चौकटीतल्या प्रत्येक खुणेला टीप आहे का, आणि प्रत्येक टिपेला निदान एक खूण मिळाली का? पहिली टीप पोरकी दिसली की `231` वर लगेच संशय जातो. २३ भागिले ३६ म्हणजे ६३.९ टक्के, हे गणित त्यावर शिक्कामोर्तब करतं.

तरी काही जागी नियम अडतात. `10³` आणि `m²` मधले अंक वर असले तरी टिपेचे नाहीत. त्यांना यादीत जोडीदार शोधला तर चुकीची टीप चिकटते. `*` आणि `**` अनेकदा पी-मूल्याच्या पायऱ्या सांगतात. दोन फुल्यांमधली एक गळली की ०.०१ चा निकाल ०.०५ चा होतो, आणि `**` दुसऱ्याही एखाद्या चौकटीवर असेल, तर पडताळणी गप्प राहते. खूण रकान्याच्या शीर्षकावर असेल तर ती खालच्या सगळ्या चौकटींना लागू पडते, त्यामुळे ती शीर्षकाशी बांधून वारसा म्हणून खाली न्यावी लागते. आणि टक्केवारी छापलेली नसेल, `3¹` चं `31` झालं असेल, गट ३६ चाच असेल आणि तीच टीप दुसऱ्याही चौकटीवर असेल, तर कोणतंही गणित ओरडत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीसोबत तिचे मूळ चित्रातले निर्देशांक साठवतात. खुणा असलेल्या तक्त्यातले शेवटी १, २, ३ येणारे अंक तपासणारा त्या जागेचा तुकडा उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.