शाळेच्या भिंतीपासून शंभर यार्ड

संपादक महोदय,


मी तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. परवा नववीतला एक मुलगा आईसोबत आला. तिखट खाल्लं की तोंड पोळतं, एवढीच तक्रार. मी त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगितली. दोनच गेली. गालाची आतली बाजू पांढरट पडली होती आणि तिथे बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली असे घट्ट तंतू साचत जातात. सवय सुटली तर आजार थोपतो, पण आवळलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो.

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. म्हणून आता सुपारी-मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन हातात पडतात. पोरं त्या तळहातावर एकत्र करतात. हा मुलगा त्या शाळेमागच्या टपरीवरून घेत होता.

तंबाखू नियंत्रणाचा 2003 चा केंद्रीय कायदा सांगतो, की शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकायची नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. हे अंतर फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचं नसतं. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं असतं. या टपरीवाल्याचं म्हणणं, ‘फाटकापासून मी लांब आहे.’ रस्त्याने वळसा घालून गेलं तर खरंच लांब आहे. पण त्याची टपरी आणि शाळेची मागची भिंत यांच्यात फक्त एक बोळ आहे.

कायदा स्पष्ट आहे, दंड मात्र फार तर 200 रुपये. तो भरून माणूस संध्याकाळी पुन्हा टपरी उघडतो. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी मुलाला माल दिल्याचा पुरावा लागतो, आणि आपल्या पोराचं नाव पोलिसांत जावं असं कोणत्या आईला वाटेल?

म्हणून माझी मागणी दुकानाच्या परवानगीपाशीच आहे. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने प्रत्येक शाळेच्या कुंपणापासून टेप लावून हद्द आखावी, रस्त्यावर पिवळा पट्टा ओढावा. त्या हद्दीत टपरीला जागा देताना तंबाखू न विकण्याची अट घालावी. दुसऱ्यांदा सापडला तर परवानगी रद्द. बिस्किटं, वह्या, चहा विकायला कुणाची ना नाही. टपरीवाल्याचं पोट मारावं असं मी म्हणत नाही.

पालकांनो, पुढच्या पालकसभेला मोजपट्टी घेऊन जा. मुख्याध्यापकांसोबत मागच्या भिंतीपासून अंतर मोजा आणि जे निघेल ते लेखी तक्रारीत लिहून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्या.

आपली,
एक वैद्यकीय अधिकारी