टेन्शन, नैराश्य आणि शंभर अक्षरे

अमरावती-अकोल्याकडे व्याख्यानमाला आता दोनदा होते. एकदा सभागृहात आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर. सभागृहातले व्याख्यान त्या संध्याकाळी संपते, मोबाइलवरचे मात्र पुढची दहा वर्षे रात्री-अपरात्री कुणीतरी उघडत असते. या दुसऱ्या व्याख्यानाला शीर्षक, वर्णन, टॅग आणि चित्र देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. या सगळ्याला मिळून मेटाडेटा म्हणतात. संत साहित्यावरच्या किंवा कपाशीवरच्या व्याख्यानाला नाव देताना फार विचार करावा लागत नाही. मनाच्या आजारांवरच्या व्याख्यानाला मात्र करावा लागतो, कारण पुष्कळ लोक ते नाव वाचून तिथेच थांबतात, आत येतच नाहीत. त्यांच्यापुरते ते नाव हेच सगळे व्याख्यान असते.

अडचण दुहेरी आहे. ‘डिप्रेशनची ७ लक्षणे, ही असतील तर तुम्ही आजारी आहात’ असे लिहिले, की शीर्षकच डॉक्टर होऊन बसते. उलट घाबरून ‘मनःशांतीचा मार्ग’ असे गुळमुळीत लिहिले, की व्याख्यान भजने, ध्यानाचे संगीत आणि सुविचार यांच्या ढिगात जाऊन पडते. ज्याला खरोखर तज्ज्ञाचे बोलणे ऐकायची गरज आहे, त्याला ते सापडत नाही. सौम्य लिहिले म्हणजे जबाबदारीने लिहिले, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो पटत नाही. न सापडणारे व्याख्यान कुणाला दुखावत नाही हे खरे, पण ते कुणाच्या उपयोगीही पडत नाही.

लोक शोधतात कोणत्या शब्दाने, हा पहिला प्रश्न. त्याचे निम्मे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. विश्राम हे विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप. नावात ताण आहे, आरोग्य आहे, आजाराचे नाव नाही, हे पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी त्यासाठी कुणाची मदत घेतली होती. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलू लागले, समुपदेशक आणि डॉक्टर जवळ आले, आणि सुमारे दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले.

माझ्या कामाच्या दृष्टीने मी यातला पहिला आकडा धरून बसतो. शंभरातले पंचाण्णव जण मदतीपर्यंत गेलेच नव्हते. त्याला दवाखान्याचे अंतर, पैसा, लाज अशी कारणे असतातच. पण माझा अंदाज असा, की त्यांतल्या पुष्कळांनी आपल्याला जे होते आहे त्याला ‘नैराश्य’ हे नावही दिले नसावे. आपला माणूस म्हणतो, टेन्शन आलं. झोप लागत नाही. जीव घाबरते. कशातच मन लागत नाही. डोकं भनभन करते. मोबाइलवर तो हेच टाइप करतो, आणि पुष्कळदा रोमन लिपीत: zop yet nahi, tension kami kase karave. शेतकरीसुद्धा ‘गुलाबी बोंडअळी’ असेच शोधतो, त्या किडीचे शास्त्रीय नाव शोधत नाही. तेव्हा त्रासाचा बोलीतला शब्द पुढे आणि आजाराचा शास्त्रीय शब्द मागे, हा क्रम मी ठरवून टाकला आहे.

दुसरा प्रश्न दाव्याचा. निदान म्हणजे काय, हे थोडे पाहिले की शीर्षकात ते का मावत नाही हे कळते. मोठ्या नैराश्याच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषांत नऊ लक्षणे आहेत. त्यांतली किमान पाच, निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्या पाचांत उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे. त्याने रोजच्या जगण्यात अडथळा आलेला असावा लागतो, आणि हे सगळे दुसऱ्या आजाराने किंवा दारूसारख्या पदार्थाने झालेले नाही, हेही पाहावे लागते. थायरॉइड मंदावले तरी माणूस सुस्त आणि उदास होतो. ही शेवटची पायरी तपासल्याशिवाय पार करता येत नाही. यादी वाचून माणूस लक्षणे मोजू शकतो, पण वगळावे काय ते त्याला यादीतून कळत नाही. म्हणून ‘ही ७ लक्षणे असतील तर’ हे वाक्य उद्धट तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही ते खोटे आहे.

मग आजाराचे नाव घ्यायचेच नाही का? घ्यायचे. फक्त वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहायचे. ‘तुम्हाला नैराश्य आहे’ यात विधान पाहणाऱ्याबद्दल आहे. ‘या व्याख्यानात नैराश्याची माहिती आहे’ यात विधान व्याख्यानाबद्दल आहे. शोधयंत्राला दोन्ही वाक्यांत ‘नैराश्य’ हा शब्द सापडतो, पण माणसाच्या मनावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही. मजकूर लिहून झाला की मी प्रत्येक वाक्याखाली बोट ठेवतो. ‘तुम्ही’ आणि आजाराचे नाव एकाच वाक्यात आले असेल तर ते वाक्य मोडतो. ‘तुमचा मुलगा’, ‘तुमची बायको’ हेही त्यातच आले. घरातल्या माणसाला परस्पर आजारी ठरवणे आपल्याकडे फार सोपे असते.

अकोल्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांच्या व्याख्यानाचे उदाहरण घेऊ. विषय होता झोप, चिंता, दारू आणि नैराश्य. आयोजकांनी सुचवलेल्या शीर्षकात ‘कायमचा उपाय’ आणि उद्गारचिन्ह, दोन्ही होते. डॉक्टर तासभर बोलले होते, पण त्यात ‘कायमचा’ हा शब्द एकदाही आला नव्हता. यूट्यूबवर शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा असते आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘नैराश्य’ आपल्या कानाला तीन अक्षरांचे, पण यंत्राच्या हिशेबात सात. ‘व्याख्यान’ नऊ खाते. त्यात मोबाइलवर शीर्षकाचा शेवट पुष्कळदा कापला जातो, म्हणून महत्त्वाचे ते आधी यायला हवे. शेवटी आम्ही हे ठेवले:

झोप लागत नाही, टेन्शन जात नाही: कधी डॉक्टरांशी बोलावे? | मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान, अकोला

एकूण ९३. पहिल्या अर्ध्या भागात शोधणाऱ्याचे शब्द आहेत. नंतरच्या प्रश्नात उपायाचे वचन नाही, पण दिशा आहे. बोलणारा कोण, हे शेवटी येते, कारण या विषयावर कुणीही उठून बोलत असतो. ‘नैराश्य’ शीर्षकात बसले नाही, ते वर्णनात पहिल्याच परिच्छेदात घेतले:

टेलि-मानस १४४१६: आत्ता कुणाशी बोलावेसे वाटत असेल तर मोफत, चोवीस तास, मराठीतही. झोप न लागणे, जीव घाबरणे, कशातच मन न लागणे यांबद्दल मानसोपचारतज्ज्ञांनी अकोल्यात दिलेले व्याख्यान. यात नैराश्य म्हणजेच डिप्रेशन, चिंता आणि दारूचे व्यसन यांची माहिती आहे. आजार आहे की नाही हे तपासणीनंतर डॉक्टर सांगतात. व्याख्यान ऐकून ते ठरवू नये.

वर्णनाला पाच हजार अक्षरांची जागा असते, पण न उघडता दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच. म्हणून हेल्पलाइन सर्वांत वर. टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली आणि ती सरकारी आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा उल्लेख खाली करावा. पण ओपीडीचे वार लिहू नयेत, ते बदलतात आणि चुकीच्या वारी एसटीने आलेला माणूस पुन्हा येत नाही.

टॅगांवर लोक फार वेळ घालवतात. यूट्यूब स्वतःच सांगते की टॅगांचा शोधावर परिणाम अल्प असतो, ते मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगसाठी उपयोगी. तेव्हा depression marathi आणि zop yet nahi यांसारखी रूपे तिथे टाकावीत आणि मोकळे व्हावे. व्याख्यानात स्किझोफ्रेनियाचा विषय नसेल तर तो टॅग नको, गोळ्यांची नावे तर नकोतच. गोळीचे नाव शोधत आलेला माणूस मात्रा शोधत असतो.

आत्महत्येचा उल्लेख हा वऱ्हाडात टाळता न येणारा भाग. शेतकरी आत्महत्यांवर बोलताना वक्ते आकडे देतात, प्रसंग सांगतात, आणि चित्र निवडताना कुणीतरी हमखास झाड आणि दोर सुचवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना आणि त्यांवर आधारलेली भारतीय प्रेस कौन्सिलची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: पद्धतीचे वर्णन नको, ठिकाण नको, भडक मथळा नको, तसले छायाचित्र नको. ही तत्त्वे वृत्तपत्रांसाठी असली तरी मी ती शीर्षकालाही लावतो. ‘कर्जाला कंटाळून’ हेही मी लिहीत नाही. एका कारणाने एक मरण, असा हिशेब त्यातून मांडला जातो, आणि तेच कारण असलेला दुसरा माणूस तो वाचत असतो. चित्रात बोलणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा पुरतो.

प्रश्नोत्तरांचा भाग सर्वांत नाजूक. मोठ्या चित्रफितीचे भाग पाडून वेळेनुसार नावे देता येतात. पहिला भाग ००:०० पासून हवा, किमान तीन भाग हवेत, आणि शोधात ही नावेही उपयोगी पडतात. इथे मोह होतो ‘दर्यापूरच्या ताईंचा प्रश्न’ असे लिहिण्याचा. तालुका, वय आणि त्रास, एवढ्या तीन गोष्टींवर आपल्याकडे माणूस ओळखला जातो. सोयरीक जुळवताना याहून कमी माहितीवर शोध लागतो. त्यामुळे भागाचे नाव ‘बाळंतपणानंतर झोप न लागणे’ एवढेच, आणि ध्वनिमुद्रणात नाव-गाव आले असेल तर तो तुकडा कापायचा. प्रश्न विचारणाऱ्याने सभागृहापुरती परवानगी दिलेली असते, दहा वर्षांसाठी नव्हे.

हे सगळे जमले की नाही, ते महिन्याभराने कळते. यूट्यूब स्टुडिओत कोणत्या शब्दांनी शोधून लोक आले आणि सरासरी किती वेळ थांबले, हे पाहता येते. एखाद्या शब्दाने बरेच लोक येऊन अर्ध्या मिनिटात परत जात असतील, तर त्या शब्दाने जे वचन दिले ते व्याख्यानात नाही, असा मी अर्थ घेतो. तो शब्द ‘उपाय’ असेल तर मी काढून टाकतो, मग पाहणाऱ्यांची संख्या घटली तरी चालेल. उलट शोधातून कुणीच येत नसेल, तर शीर्षक बहुधा पुस्तकी झालेले असते, आणि मग व्याख्यानाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी रुग्णांचे म्हणून जे शब्द सांगितले असतात ते पुन्हा ऐकावे लागतात. दर ऑक्टोबरात हेल्पलाइनचा क्रमांक मी स्वतः फिरवून पाहतो. लागला, की वर्णनाच्या शेवटी ‘क्रमांक तपासला’ असे लिहून महिना आणि वर्ष बदलतो.