मोफत चेकलिस्ट आणि गूगलवरच्या तीन ओळी

रिसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरलं, टोकन द्यायची वेळ आली, की घरातलं कुणीतरी फोन हातात घेऊन शोधायला बसतं: ‘रिसेल फ्लॅट खरेदी कागदपत्रे’. समोर दहा-बारा पानांची नावं येतात आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळींचं वर्णन असतं. माणूस तेवढंच वाचतो आणि कुठल्या पानावर जायचं ते ठरवतो. त्यातलं एखादं पान गृहकर्ज सल्लागाराचं असतं. त्याने कागदपत्रांची यादी पीडीएफ करून ठेवलेली असते, ती मोफत मिळते आणि बदल्यात ईमेल मागितला जातो. मार्केटिंगवाले अशा भेटीला ‘लीड मॅग्नेट’ म्हणतात आणि ती जिथे मिळते त्या पानाला ‘लँडिंग पेज’. पान सुंदर असतं, यादीही चांगली असते, तरी ईमेल देणारे मोजकेच निघतात. अशा वेळी बटणाचा रंग बदलण्याआधी गूगलवर दिसणाऱ्या त्या तीन ओळी वाचाव्यात. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

समजा, पुण्यातल्या अशा एका सल्लागाराच्या पानाचं शीर्षक आहे: ‘मोफत ई-गाइड डाउनलोड करा | फ्लॅट खरेदीचं संपूर्ण मार्गदर्शन’. वाचायला बरं वाटतं, पण शोधणाऱ्याने ‘गाइड’ मागितलंच नव्हतं. त्याला यादी हवी होती, सोसायटीच्या ऑफिसात किंवा विक्रेत्याच्या दिवाणखान्यात बसून एकेका कागदापुढे खूण करता येईल अशी. ‘संपूर्ण मार्गदर्शन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे लांबलचक लेख येतो, आणि यादीच हवी असलेला माणूस खालच्या निकालाकडे वळतो. उलट ज्याला खरोखर लेख वाचायचा होता तो आत येतो, समोर फॉर्म पाहतो आणि मागे फिरतो. म्हणजे दोघेही जातात.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नवा फ्लॅट आणि रिसेलचा फ्लॅट यांचे कागद वेगळे असतात. बिल्डरकडून घेताना महारेरा नोंदणी क्रमांक पाहायचा, प्रारंभ प्रमाणपत्र पाहायचं, आणि रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवायचं. रिसेलमध्ये काळजी निराळी. आधीच्या प्रत्येक मालकाचा नोंदणीकृत करार साखळीने मिळतो का, प्रत्येक कराराची सूची क्रमांक २ आहे का, शेअर सर्टिफिकेटवर आत्ताच्या विक्रेत्याचं नाव चढलं आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं का, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र मिळेल का, विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असेल तर बँकेकडचे मूळ कागद कसे सुटतील. ‘फ्लॅट खरेदी’ एवढंच लिहिलेल्या शीर्षकावरून यातली कुठली यादी मिळणार ते कळत नाही. माझ्या मते शीर्षकातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘मोफत’ नसून ‘रिसेल’ आहे. मोफत तर सगळेच देतात.

शब्द निवडताना स्वतःच्या आवडीपेक्षा लोकांची बोटं काय टाइप करतात ते पाहावं. गूगलच्या चौकटीत सुरुवातीचे दोन शब्द लिहून थांबलं की खाली सूचना येतात. लोक प्रत्यक्षात काय शोधतात त्याचा तो चांगला अंदाज असतो. ‘सदनिका’ आणि ‘तपासणी सूची’ हे शब्द करारात शोभतात, पण फोनवर शोधणारा ‘फ्लॅट’ आणि ‘लिस्ट’ किंवा ‘चेकलिस्ट’ असंच लिहितो. मग पहिल्या पानावर आलेले निकाल उघडून पाहावेत. तिथे बहुतेक सगळ्या याद्या असतील तर गूगलनेही लोकांना यादीच हवी असं ठरवलेलं आहे. सगळे लेख असतील, तर त्या शोधावर निव्वळ फॉर्मचं पान वर येणं अवघड आहे.

एवढं पाहून शीर्षक आणि वर्णन असं लिहिता येईल:

```html
<title>रिसेल फ्लॅटची कागदपत्रे: दोन पानी चेकलिस्ट, मोफत PDF</title>
<meta name="description" content="जुना फ्लॅट घेताना विक्रेता, सोसायटी आणि बँकेकडून मागायच्या कागदांची यादी. प्रिंट काढा, खूण करत जा. ईमेलवर PDF येते; फोन नंबर मागत नाही.">
```

शीर्षकात विषय सगळ्यात आधी आला, कारण फोनच्या अरुंद पडद्यावर शेवटचे शब्द कापले जातात. गूगलने शीर्षकाला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढं ते दाखवतं. म्हणून इंग्रजीसाठी सांगितला जाणारा पन्नास-साठ अक्षरांचा नियम मराठीला सरळ लावू नये. ‘चेकलिस्ट’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणी करणारं साधन काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्ह वेगळं धरून आठ मोजतं. आकड्यावर विसंबून चांगलं शीर्षक छाटण्यापेक्षा ते स्वतःच्या फोनवर पाहावं. सल्लागाराच्या कंपनीचं नाव यात नाही. नावाची ओळख नसेल, तर ती जागा ‘दोन पानी’ या शब्दांनी अधिक कामी येते, कारण ऑफिसातून निघताना प्रिंट काढणाऱ्याला तेच जाणून घ्यायचं असतं.

‘१५ कागदपत्रे’ असा आकडा का नाही? रिसेलच्या व्यवहारात यादी घरागणिक बदलते. फ्लॅट वारसाने आला असेल तर वारसाहक्काचे कागद वाढतात, बक्षीसपत्राने आला असेल तर ते लागतं, कर्ज नसेल तर बँकेचे कागद गळतात. आकडा लिहिला की तो आत नेमका भरला पाहिजे. नाही भरला तर वाचणारा बाकीच्या यादीवरही शंका घेतो. वर्षाचंही तसंच. शीर्षकात चालू साल तेव्हाच घालावं जेव्हा यादी त्या वर्षी खरोखर तपासली असेल.

वर्णनातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बदल्यात काय द्यावं लागेल ते तिथे आधीच सांगितलं आहे. ‘असं लिहिलं तर लोक येणारच नाहीत’ ही भीती व्यवसायवाल्यांना वाटते. काही जण येणार नाहीत हे खरंच, पण ते आत येऊनही फॉर्म पाहताच गेले असते. जे हे वाचून येतात त्यांना फॉर्म अनपेक्षित नसतो. फोन नंबर मागायचा असेल तर वर्णनात तसं लिहा. लिहायला संकोच वाटत असेल, तर मागू नका. पीडीएफ पाठवायला ईमेल पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातही तत्त्व हेच आहे: ज्या कामासाठी संमती घेतली त्या कामाला लागते तेवढीच माहिती. यादीच्या नावाखाली नंबर घेऊन रोज गृहकर्जाचे फोन करणं हा सरळसरळ विश्वासघात आहे.

आता गूगल काय करतं ते पाहू. वर्णनाच्या ओळीमुळे पानाचा क्रमांक वर जात नाही. ती फक्त वाचणाऱ्यासाठी असते. शिवाय गूगल ती दाखवेलच असं नाही. शोधलेल्या शब्दांशी जास्त जुळणारा मजकूर पानात सापडला तर ते तोच उचलतं. शीर्षकाचंही तसंच, पानावरचा मोठा मथळा वेगळंच काही सांगत असेल तर गूगल तो मथळा शीर्षक म्हणून दाखवू शकतं. फॉर्मच्या पानाला याचा फटका जास्त बसतो, कारण त्यावर मजकूरच नसतो. ‘नाव, ईमेल, सबमिट’ एवढ्यावरून कुणाला काय कळणार? उपाय असा की मथळा शीर्षकाशी जुळता ठेवावा आणि यादीतले मुख्य कागद पानावर उघड लिहावेत. विक्रेत्याकडून काय, सोसायटीकडून काय, बँकेकडून काय, प्रत्येकाला एकेक ओळ पुरे. यादी फुकट वाचून लोक निघून जातील ही शंका रास्त आहे. पण पीडीएफची किंमत कागदांच्या नावांत नसते. प्रत्येक कागदावर नेमकं काय तपासायचं, तो कुठून मिळतो आणि खूण करायची चौकट, यासाठी माणूस ईमेल देतो. यादी गूगलला दाखवायची आणि माणसाला मात्र फॉर्म, असा दुटप्पीपणा करू नये. गूगलच्या नियमांत तो फसवणुकीत मोडतो.

एक गळती सहसा लक्षात येत नाही. पीडीएफ सर्व्हरवर उघडी पडली असेल आणि तिची लिंक कुठेतरी पोहोचली असेल, तर गूगल ती फाइलच निकालात दाखवतं आणि लोक फॉर्म न पाहता थेट तिच्यावर जातात. ती फाइल पाठवताना सर्व्हरने ही ओळ जोडावी:

```
X-Robots-Tag: noindex
```

ही फाइल robots.txt मध्ये अडवली तर मात्र उलटं होतं. गूगलला ती ओळ वाचताच येत नाही आणि पत्ता निकालात राहू शकतो.

नवं शीर्षक चाललं की नाही हे सर्च कन्सोलमध्ये दिसतं. पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं आणि कोणत्या शब्दांवर, हे तिथे मिळतं. ईमेल किती आले हे सल्लागाराच्या स्वतःच्या वहीत असतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. समजा, आधी हजार वेळा दिसून वीस जण येत होते आणि त्यातले दोघे ईमेल देत होते. नव्या शीर्षकाने चाळीस जण आले आणि ईमेल दोनच राहिले, तर शीर्षकाने नको ते आश्वासन दिलं आहे. पंचवीसच आले पण त्यातल्या आठांनी ईमेल दिला, तर शीर्षक बरोबर आहे, भेटी कमी वाढल्या तरीही. कोणत्या शब्दांवर लोक येतात तेही वाचावं. ‘नवीन फ्लॅट’ शोधणारे बरेच दिसत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी यादी आणि वेगळं पान करावं. एकाच शीर्षकात दोन्ही कोंबू नये.

शीर्षक बदलल्यावर गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर पुन्हा काही बदलू नका, नाहीतर कोणत्या बदलाने काय झालं ते कळणार नाही.