दुखणं शून्य, तरी धोका

ऑपरेशननंतर वॉर्डात सिस्टर विचारतात, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. मग आता किती?" पेशंट सहा म्हणतो आणि केसपेपरवर सहाचा आकडा चढतो. साधारणपणे एक ते तीन हे सौम्य दुखणं मानतात, चार ते सहा मध्यम आणि सात ते दहा तीव्र. एकाच्या सहाची दुसऱ्याच्या सहाशी तुलना करता येत नाही. पण त्याच पेशंटचा सहा औषधानंतर तीनवर आला, तर औषध लागू पडलं हे नक्की कळतं. आकडा विचारताना पेशंट पडून आहे की खोकतो आहे, कूस बदलतो आहे, हेही पाहावं लागतं. पडल्यापडल्या दोन असलेलं दुखणं खोकताना आठवर जातं. आणि जो दुखतं म्हणून खोकत नाही, त्याच्या छातीत कफ साचतो.

लहान मुलाला आकड्यांचा असा हिशेब जमत नाही. त्यासाठी अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी 1980च्या दशकात सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा रडका. साधारण तीन वर्षांपुढचं मूल त्यातला आपला चेहरा बोटानं दाखवतं. इथे एक चूक वारंवार होते. मोठी माणसं मुलाच्या तोंडाकडे बघून स्वतःच पट्टीवरचा चेहरा निवडतात. खरं तर निवड मुलानंच करायची असते, कारण शांत बसलेल्या मुलालाही खूप दुखत असू शकतं.

जे चेहरा दाखवू शकत नाहीत, त्यांच्याबाबतीत मात्र बघणाऱ्यालाच मोजावं लागतं. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'फ्लॅक' नावाची पट्टी आहे. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर मूल शांत होतं का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांसाठी 'पेनॅड' ही याच धर्तीची पट्टी आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्यांसाठी वेगळ्या पट्ट्या आहेत. पेशंटचे स्नायू ताठ आहेत का, तो मशीनच्या श्वासाशी झगडतो आहे का, हे त्यांत बघतात.

पेनॅड प्रत्यक्षात कशी वापरतात, ते एका कल्पित उदाहरणानं बघू. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना डिमेन्शिया आहे. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं आणि काल ऑपरेशन झालं. "दुखतंय का आजी?" असं विचारलं, की त्या "नाही" म्हणतात. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असतं. सिस्टर पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करतात आणि मग कूस बदलवतात. श्वास मधूनमधून जड होतो, एक गुण. त्या अधूनमधून कण्हतात, एक गुण. चेहरा वेदनेनं पिळवटतो, दोन. मुठी घट्ट आवळल्या जातात, दोन. हातावरून हात फिरवल्यावर थोड्या शांत होतात, एक. बेरीज होते सात.

इथे सात हा दुखण्याचा थेट आकडा नाही. आजी अस्वस्थ आहेत, एवढंच तो सांगतो. लघवी तुंबली असेल, भीती वाटत असेल किंवा भूक लागली असेल, तरीही हेच गुण पडतील. म्हणून सिस्टर आधी लघवीची नळी तपासतात, उशी नीट करतात आणि घरच्यांना विचारतात, "एरवी आजी अशा करतात का?" घरची माणसं नाही म्हणतात. पॅरासिटामॉल सुरूच आहे, म्हणून डॉक्टरांच्या सूचनेनुसार शिरेतून मॉर्फिनचा छोटा डोस दिला जातो. अर्ध्या तासानं पुन्हा कूस बदलून बघितलं, तर बेरीज तीनवर आलेली असते. संध्याकाळी आणि रात्री आणखी डोस होतात.

रात्री दोन वाजता पेनॅडची बेरीज शून्य येते. आजी झोपल्यात, थोड्या घोरताहेत. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या." नेमका हाच क्षण धोक्याचा आहे. मॉर्फिनच्या गटातली औषधं, म्हणजे ओपिऑइड, मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात. सहसा श्वास मंदावण्याआधी ग्लानी वाढत जाते. शांत झोप आणि ही ग्लानी, दोन्हींत दुखण्याची बेरीज शून्यच येते.

अमेरिकेत याचा अनुभव आलेला आहे. 1995मध्ये तिथल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं नाडी, ताप, रक्तदाब आणि श्वास यांच्या जोडीला दुखणंही नियमित मोजावं, असा आग्रह धरला. हेतू चांगला होता. पण फ्लोरिडातल्या एका कर्करोग रुग्णालयानं आकड्यावरून औषध ठरवायला सुरुवात केली, आणि ओपिऑइडमुळे अतिग्लानी येण्याच्या घटना तिथे दुपटीहून वाढल्या. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक पेशंटची शुद्ध आधीच मंदावल्याचं दिसलं होतं.

म्हणून दुखण्याच्या पट्टीशेजारी ग्लानीची पट्टी लागते. त्यातली 'पॉस' ही सोपी आहे. हाक मारताच जागी होणारी साधी झोप तीत वेगळी नोंदवतात. पूर्ण जागा पेशंट म्हणजे एक, किंचित गुंगीत पण सहज जागा होणारा म्हणजे दोन. बोलता बोलता मध्येच ज्याचा डोळा लागतो तो तीन, आणि हलवूनही जवळजवळ प्रतिसाद न देणारा चार. तीनवरच थांबायचं असतं.

सिस्टर आजींना हात लावण्याआधी पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात, कारण जागं केलं की श्वास वाढतो आणि मोजणी फसते. श्वास नऊ भरतात. हाक मारल्यावर आजी डोळे उघडतात, "हं" म्हणतात आणि लगेच पुन्हा मिटतात. दिवसभर अशी गुंगी नव्हती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर सत्त्याण्णव दिसतं, पण नाकाला ऑक्सिजन चालू आहे. अशा वेळी श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच राहतो. आजींची किडनी वयानं कमजोर आहे, त्यामुळे मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारा एक प्रभावी घटक लघवीवाटे नीट बाहेर न पडता साचतो आहे.

पुढचा डोस थांबतो, डोक्याकडची बाजू उचलली जाते, डॉक्टर येतात. आजींना सतत जागं करून खोल श्वास घ्यायला लावतात. श्वास आठच्या खाली गेला किंवा प्रतिसाद थांबला, तर नॅलोक्सोन हा उतारा तयार ठेवलेला असतो. 0.4 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दहा मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून एकेक मिलिलिटर देतात. एकदम दिलं तर वेदना एका झटक्यात परत उसळते. त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो आणि मॉर्फिनचा त्याहून जास्त. म्हणून पेशंट जागा झाला तरी काही तास पहारा सोडता येत नाही.

ही काळजी घेतली, की मॉर्फिन नाकारण्याचं कारण उरत नाही. दुसऱ्या दिवशी आजींचा डोस कमी होतो, दोन डोसांमधलं अंतर वाढतं, पॅरासिटामॉल चालू राहतं. मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या डोसाबरोबरच सुरू करतात.

पेशंटजवळ बसलेल्या माणसाला या सगळ्यात दोन कामं करता येतात. पहिलं, एरवी आपलं माणूस कसं कण्हतं, कसं झोपतं, दुखलं की काय करतं, हे सिस्टरांना आधीच सांगणं. दुसरं, ओपिऑइड चालू असताना नवं घोरणं, अडखळता श्वास किंवा बोलता बोलता डोळा लागणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता लगेच हाक मारणं. त्या वेळी झोपमोड झाली तरी चालते.