आरसा असलेल्या खोलीचे चित्र

बांधकामाला हात लागण्याआधीच जिमचे हुबेहूब रंगीत चित्र आता मालकाच्या हाती पडते. संगणकावर खोलीचा थ्रीडी आराखडा उभारून त्यावर प्रकाशाचे गणित चालवले की हे रेंडर तयार होते. शयनगृहाचे किंवा कार्यालयाचे रेंडर करताना कॅमेऱ्यामागची भिंत उभारलीच नाही तरी सहसा निभावून जाते. जिममध्ये मात्र अख्खी भिंत आरशाची असते, त्यामुळे ती सोडलेली बाजू समोर दिसते आणि तिथे काळी पोकळी उमटते.

तीस बाय वीस फुटांची, दहा फूट उंच खोली घेऊ. तीस फुटांच्या भिंतीवर आरसा आहे. तो एकसंध काढला तर खोटा वाटतो, कारण प्रत्यक्षात आरशाचे तुकडे शेजारी शेजारी बसवतात आणि त्यांच्यामध्ये बारीक फट राहते. जमिनीपासूनही तो चार-सहा इंच वर असतो. एवढे तपशील घातले की डोळ्यांना आरसा पटतो.

खरी अडचण प्रकाशाची. मालकांना ‘सावली नको’ असते. दिवा जितका मोठा आणि वस्तूच्या जवळ, तितकी सावली पुसट. म्हणून छताला लांब पट्ट्यांचे दिवे लावतात. पण आरशावर पडलेला प्रकाश परत खोलीत येतो आणि खोली उजळायला तोही हातभार लावतो. ‘ब्लेंडर’च्या सायकल्स इंजिनात चित्रातले पांढरे ठिपके टाळण्यासाठी अनेक जण `Caustics` खालचे `Reflective` बंद करतात. मग आरशात प्रतिबिंब दिसते, पण आरशावरून परतणारा दिव्यांचा प्रकाश हिशेबातून गळतो. आरशाजवळचे बाक आणि जमीन कारण नसताना मळकट दिसू लागतात. अशा वेळी तो पर्याय पुन्हा चालू करून चित्र जास्त वेळ शिजू द्यावे. नाहीतर आरशाच्या बाजूने एक मंद, कॅमेऱ्याला न दिसणारा दिवा ठेवावा.

काळे रबर प्रकाश गिळते, त्यामुळे खालून उजेड फारसा परतत नाही आणि बाकांच्या खालची बाजू काळवंडते. म्हणून रबराला पूर्ण काळा रंग देऊ नये. गडद राखाडी, त्यात बारीक ठिपके आणि जवळजवळ शून्य चकाकी ठेवावी. ओल्या फरशीसारखे चमकणारे रबर हे तर बिघडलेल्या रेंडरचे ठळक लक्षण आहे.

शिवाय सगळी सावली घालवणेही चूकच. डंबेल जिथे जमिनीला टेकतो, तिथे काळसर रेघ हवीच. ती नसली की वजने तरंगतात. समतोल प्रकाशातही टेकण्याची ही सावली टिकते, कारण त्या फटीत कोणत्याच दिव्याचा उजेड पोचत नाही.

जिम किंवा योगवर्ग काढणार असाल, तर रेंडर मंजूर करताना आधी आरशात पाहा: मागची भिंत, दार आणि छतावरचे दिवे तिथे आहेत का? मग डंबेलखालची रेघ तपासा. दोन्ही जागी नसतील, तर चित्र परत पाठवा.