तीन घरं, तीन कनेक्शन आणि न जमणारी नववी रेषा

कागदावर वर तीन घरं काढा, खाली पाणी, गॅस आणि वीज. प्रत्येक घराला तिन्ही कनेक्शन द्यायची, पण कुठलीही रेषा दुसरीला ओलांडणार नाही. इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांनी १९१७ च्या आपल्या पुस्तकात हे कोडं दिलंय, आणि तेव्हाही ते जुनंच होतं. आठ रेषा आरामात जमतात. नववी अडते.

आता "मला जमलं नाही" आणि "कुणालाच जमणार नाही" यात फरक आहे. रेषा कशाही वळवता येतात, त्यामुळे सगळ्या आकृत्या तपासणं शक्यच नाही. इथे ऑयलरचं सूत्र कामाला येतं.

बिंदू V, रेषा E आणि रेषांमुळे पडलेले कागदाचे भाग F (बाहेरचा मोकळा भागही मोजायचा, तोच बहुतेक जण विसरतात). आकृती सलग जोडलेली असेल आणि रेषा छेदत नसतील तर

V − E + F = २

का? एका बिंदूपासून सुरुवात करा: १ − ० + १ = २. पुढची रेषा एकतर नवा बिंदू जोडते, म्हणजे V आणि E दोन्ही एकाने वाढतात. नाहीतर ती दोन जुने बिंदू जोडून एका भागाचे दोन करते, म्हणजे E आणि F वाढतात. उत्तर २ च राहतं.

आता समजा, कोडं सुटलंय. बिंदू ६, रेषा ९. मग ६ − ९ + F = २, म्हणजे भाग बरोबर ५ हवेत.

एका भागाची कड बघू. घरापासून निघालात की कनेक्शनवर जाता, तिथून परत घरावरच. घर-घर अशी रेषा नाहीच. त्यामुळे फेरी सम संख्येतच पूर्ण होते. एका जोडीत एकच रेषा असल्याने दोनची फेरी होत नाही. म्हणजे प्रत्येक भागाला किमान ४ कडा, पाच भागांना किमान २०. पण प्रत्येक रेषा दोनच भागांची कड होते, म्हणून एकूण ९ × २ = १८. अठरात वीस कसे बसणार? कोडं सुटणं अशक्य.

एक रेषा काढून बघा: भाग ४, कडा १६ हव्यात, ८ × २ = १६ मिळतात. म्हणूनच आठ जमतात!

एक सावधगिरी. पुस्तकात E ≤ ३V − ६ ही झटपट कसोटी मिळेल. इथे ९ ≤ १२, म्हणजे आपली आकृती त्यात पास होते, तरीही ती काढता येत नाही. कसोटीत नापास म्हणजे नक्की अशक्य; पास झाली तर काहीच सिद्ध होत नाही.

आणि हे सगळं सपाट कागदापुरतं. कान असलेल्या चहाच्या मगवर मार्करने काढून बघा. नववी रेषा कानावरून जाते, बाकीच्या एखाद-दोन त्याच्या खालून.