ठेका नेमका कोणाला मिळाला?

जालना : औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून निघणाऱ्या सळया अनेकदा कंत्राटदारांना उधारीवर दिल्या जातात. 'सरकारी काम हाती आहे, बिल निघाले की पैसे देतो,' असे कंत्राटदार सांगतो. ते काम खरोखरच त्याच्या नावावर आहे काय, हे व्यापाऱ्याला घरबसल्या पाहता येते. रस्ता उखडल्यावर ठेकेदाराचे नाव शोधणाऱ्या नागरिकासाठीही हीच वाट आहे.

राज्य शासनाच्या विविध खात्यांच्या निविदा mahatenders.gov.in या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. मात्र, कंपनीचे नाव टाकताच तिची सर्व कामे समोर येतील, अशी अपेक्षा ठेवून गेलेल्याची निराशा होते. तेथील नोंदी कामानुसार आणि कार्यालयानुसार लावलेल्या आहेत. त्यामुळे शोध कामापासून सुरू करून कंपनीपर्यंत न्यावा लागतो.

काम कोणत्या कार्यालयाचे?

जिल्ह्यात होणारे प्रत्येक काम 'जालना' या नावाखाली सापडत नाही. समृद्धी महामार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. हा मार्ग १६ टप्प्यांत विभागून कंत्राटे देण्यात आली. जालना जिल्ह्यातील सुमारे ४३ किलोमीटरचा आठवा टप्पा अहमदाबादच्या मॉन्टेकार्लो लिमिटेड या कंपनीला मिळाला. हा शोध जिल्हा परिषदेच्या किंवा स्थानिक बांधकाम विभागाच्या यादीत घेणारा रिकाम्या हाताने परतला असता, कारण काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे होते. मोठ्या पाणीयोजनांसाठी जीवन प्राधिकरण आणि सिंचनासाठी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ यांच्या नोंदी चाळाव्या लागतात. गावचा रस्ता किंवा शाळाखोली असेल, तर मात्र जिल्हा परिषद.

नोंद कशी वाचावी?

कार्यालय निश्चित झाले की मुखपृष्ठावरील `Tender Status` हा दुवा उघडावा. तेथे कार्यालय निवडून स्थितीच्या रकान्यात `AOC`, म्हणजे ठेका दिलेली कामे, हा पर्याय घ्यावा आणि चित्रातील अक्षरे टंकित करावीत. गावाचे नाव शोधशब्द म्हणून देताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहावे.

निविदेच्या सारांशात बोलीदारांची यादी, तांत्रिक छाननीत कोण बाद झाले आणि आर्थिक बोलीत कोणाचा कितवा क्रमांक आला, हे दिसते. सर्वांत कमी बोली लावणाऱ्यापुढे `L1` असे लिहिलेले असते. लहान बांधकामांत बोली बहुधा अंदाजपत्रकाच्या टक्क्यांत असते. समजा, काम ४० लाखांचे आहे आणि बोली १२ टक्के कमी दराची आहे, तर ठेका ३५ लाख २० हजारांचा झाला. ही रक्कम कळली की उधारी किती द्यावी, याचा हिशेब व्यापाऱ्याला करता येतो.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. `L1` म्हणजे ठेका नव्हे. अनेकदा आर्थिक बोली उघडल्यानंतरची अंतिम नोंद कार्यालय वेळेवर भरत नाही. अशा वेळी पहिल्या क्रमांकाच्या बोलीदाराला काम मिळाले असावे, एवढेच म्हणता येते. कार्यारंभ आदेश पाहिल्याखेरीज खात्री धरू नये.

नोंदी कोठे अपुऱ्या पडतात?

एकाच कंपनीची नावे नोंदीत वेगवेगळी असू शकतात. कोठे 'प्रा. लि.', कोठे दुसऱ्या संस्थेसह संयुक्त भागीदारी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता ताडून पाहिल्यास ही गल्लत टळते. मालकी हक्काच्या किंवा साध्या भागीदारीतील फर्म मात्र तेथे नसतात. ठेकेदाराने काम पुढे पोटठेकेदाराला दिले असेल, तर त्याचाही मागमूस निविदेच्या नोंदीत लागत नाही. सळया नेणारा बहुतेकदा हाच पोटठेकेदार असतो, हे व्यापाऱ्याने विसरू नये. ई-निविदेच्या मर्यादेखालील छोटी कामेही या यादीत येत नाहीत.

एकाच कार्यालयाच्या पाच-सहा निविदांत तेच दोन-तीन बोलीदार आळीपाळीने पहिले येत असतील, किंवा बोलीचे दर जवळजवळ सारखे असतील, तर ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, पण पुढचा प्रश्न विचारण्यास आधार मिळतो.

तो प्रश्न माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये विचारता येतो. १० रुपये शुल्कासह अर्ज करून निविदा क्रमांक नमूद करावा आणि कार्यारंभ आदेश, करारनामा व आजवर दिलेल्या देयकांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे. 'अमुक कंपनीची सर्व कामे' अशी मोघम मागणी केल्यास अर्ज सहज टोलवला जातो. क्रमांकासह केलेली मागणी टाळणे कार्यालयाला अवघड जाते.